सदाफुलीचं औषध आणि पेशीचा पंप

सदाफुली ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळाच. अंगणात तुळशीच्या बाजूला, चाळीच्या जिन्यापाशी पत्र्याच्या डब्यात, देवळाच्या भिंतीच्या फटीत, कुठेही ती उगवते आणि बाराही महिने फुलते. इथे क्वीन्सलंडमध्ये तर कुणी न लावताही समुद्राकाठच्या वाळूत आणि रस्त्याच्या कडेला वाढलेली दिसते. मूळची ती मादागास्करची. गाई-बकऱ्या तिला तोंड लावत नाहीत, कारण पानं कडू आणि विषारी असतात.

त्या विषातलंच एक औषध म्हणजे विंक्रिस्टीन. १९६३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि तेव्हापासून लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर आणि इतर अनेक गाठींवर ते शिरेतून दिलं जातं. मात्रा इतकी लहान की एका वेळी दोन मिलिग्रॅमच्या वर सहसा जात नाहीत. पेशी दुभंगताना तिच्या आत बारीक नळ्यांचा सांगाडा उभा राहतो आणि तो गुणसूत्रं दोन बाजूंना ओढून नेतो. विंक्रिस्टीन हा सांगाडा उभाच राहू देत नाही. पेशी अर्धवट अडकते आणि मरते.

यंदा या सदरासाठी हा विषय निवडला तो आपल्या मंडळातल्या एका आजींच्या प्रश्नामुळे. त्यांच्या नात्यातल्या एका मुलाची गाठ पहिल्या केमोला छान विरघळली. काही महिन्यांनी ती परत आली आणि या वेळी औषधांनी काहीच केलं नाही. आधी दिलेली औषधं नव्हेत, तर पूर्वी कधीच न दिलेली दुसरी औषधंही. आजींनी विचारलं, "अगं, नवीन औषध तर त्या पोराच्या अंगाने कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. मग त्याची सवय कशी झाली? खाण्यापिण्यात आमचं काही चुकलं का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, काही चुकलं नाही. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी मात्र पन्नास वर्षं मागे जावं लागेल.

१९७०च्या दशकात कॅनडात टोरांटोला व्हिक्टर लिंग आणि त्यांचे सहकारी चिनी हॅमस्टरच्या पेशी काचेच्या बशीत वाढवत होते. त्या बशीत ते कोल्चिसीन नावाचं विष घालत. हे विष आपल्या कळलावीच्या कंदातही असतं आणि सदाफुलीच्या विषासारखंच पेशीतल्या नळ्यांवर हल्ला करतं. बहुतेक पेशी मेल्या, थोड्या तगल्या. तगलेल्यांना आणखी थोडं विष दिलं, त्यातूनही काही वाचल्या. असं करत करत कोल्चिसीनला मुळीच न जुमानणाऱ्या पेशी तयार झाल्या. इथवर नवल काही नाही. नवल पुढे होतं. या पेशी ज्यांच्याशी कधीच गाठ पडली नव्हती, अशी इतर विषंही पचवत होत्या, आणि त्या विषांची रासायनिक ठेवण एकमेकांशी जुळत नव्हती. आजींनी विचारलेलं कोडं हुबेहूब हेच.

१९७६ साली लिंग आणि रुडॉल्फ ज्युलियानो यांना या पेशींच्या पृष्ठभागावर एक मोठं प्रथिन सापडलं. साध्या पेशींत ते नगण्य होतं आणि चिवट पेशींत भरपूर. औषध आत शिरण्याची वाटच ते बंद करत असावं अशा समजुतीने त्यांनी त्याला 'पी-ग्लायकोप्रोटीन' नाव दिलं. इंग्रजीत आरपार जाऊ देण्याच्या गुणाला जो शब्द आहे, त्याचं पहिलं अक्षर हा 'पी'. त्याआधी, १९७३ साली, डेन्मार्कच्या केल्ड डॅनो यांनी उंदराच्या कॅन्सरपेशींवरून दाखवलं होतं की औषध आत शिरतं, पण पेशी ऊर्जा खर्चून ते बाहेर टाकते. पुढे दोन्ही धागे जुळले. ते प्रथिन म्हणजे बंद दार नव्हतं, तो बाहेर उपसणारा पंप होता. नाव मात्र तेच राहिलं, आपण त्याला पी-पंप म्हणू या.

हा पंप कसा चालतो ते जरा सावकाश सांगते, कारण सगळी गंमत तिथेच आहे. पेशीभोवतीचं पटल मेदाचं असतं, दोन पदरी, दुधावरच्या सायीसारखं. कॅन्सरची बरीच औषधं तेलात विरघळणारी असल्याने त्यांना आत जायला दार लागत नाही. ती त्या सायीत विरघळतात आणि आतल्या बाजूला उतरतात. पी-पंप या सायीतच रुतून बसलेला असतो. त्याची दोन अंगं आतल्या बाजूला फाकलेली असतात, कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखी. औषधाचा रेणू सायीच्या आतल्या पदरात आला की तो या फटीत सापडतो. मग पेशीचं इंधन, म्हणजे एटीपी, पंपाच्या आतल्या टोकांना येऊन चिकटतं. त्यासरशी ती टोकं एकमेकांवर मिटतात आणि चिमटा बाहेरच्या बाजूला उघडतो. औषध बाहेर फेकलं जातं. एटीपी फुटतं आणि पंप पुन्हा पहिल्या अवस्थेत येतो. एटीपी धरणाऱ्या या तुकड्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं म्हणजे एबीसी. म्हणून अशा पंपांच्या सगळ्या घराण्याला एबीसी वाहक म्हणतात. माणसात या घराण्याची सुमारे अठ्ठेचाळीस जनुकं आहेत. ती सगळी औषधं उपसत नाहीत. कुणी कोलेस्टेरॉल हलवतं, कुणी पित्तातले क्षार.

शाळेत आपण कुलूप-किल्लीचं चित्र शिकलो (मी शिकवलंही): एका प्रथिनात एकच रेणू बसतो. पी-पंपाला ते चित्र लागू पडत नाही. त्याच्या आतली खोबण प्रशस्त आहे आणि तिच्या भिंती तेलकट आहेत. बऱ्यापैकी मोठा आणि तेलाशी सलगी असलेला कुठलाही रेणू तिथे कुठे ना कुठे चिकटतो. सदाफुलीचं विंक्रिस्टीन, यू नावाच्या झाडाच्या सालीतलं पॅक्लिटॅक्सेल, मातीतल्या जिवाणूंनी बनवलेलं डॉक्सोरुबिसीन, ही औषधं एकमेकांची नात्यागोत्यातली नव्हेत, पण पंपाच्या लेखी तिघंही सारखीच. म्हणून एका औषधाच्या माऱ्यातून ज्या पेशी भरपूर पंप बनवून वाचतात, त्या बाकीची औषधंही न पाहताच परतवतात. आजी, त्या पोराच्या अंगाने नवीन औषध पाहिलं नव्हतं हे खरं, पण पंपाला ओळखपाळख लागतच नाही.

हे घडतंय हे कळतं कसं, याचा प्रयोग इतका सुटसुटीत आहे की शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ठेवावा, फक्त सूक्ष्मदर्शक महागडा लागेल. ऱ्होडामिन-१२३ नावाचा चमकणारा रंग आहे आणि पी-पंप तोही उपसतो. साध्या पेशी या रंगात बुडवल्या की उजळतात आणि उजळलेल्याच राहतात. पंप असलेल्या पेशी थोड्या वेळात काळोख्या होतात. आता त्याच पेशींना पंप अडवणारं औषध द्या. रंग आत टिकतो आणि त्याही उजळतात. कॅन्सरपेशी काळोखी आणि अडवल्यावर उजळ, असं दिसलं की पंप चालू आहे हे निश्चित. नुसतं प्रथिन मोजून एवढी खात्री देता येत नाही, कारण पंप असतो पण चालत नाही असंही घडतं.

मग कुणाच्याही मनात येईल, की पंप अडवा आणि केमो द्या, मिटला प्रश्न. तसं करूनही पाहिलं. १९८१ साली जपानमध्ये ताकाशी त्सुरुओ यांनी दाखवलं की रक्तदाबासाठी वापरलं जाणारं व्हेरापामिल दिलं, की विंक्रिस्टीनला दाद न देणाऱ्या ल्युकेमियाच्या पेशी पुन्हा मरू लागतात. आनंदीआनंद झाला. पण बशीत जेवढं व्हेरापामिल लागत होतं तेवढं माणसाच्या रक्तात चढवायचं तर हृदयाचे ठोके अडखळतात आणि रक्तदाब कोसळतो. मग हृदयाला न छेडणारी, खास याच कामाची औषधं बनवली गेली. व्हॅलस्पोडार आलं, त्यानंतर झोसुक्विडार. मोठ्या चाचण्या झाल्या, पण रुग्ण जास्त जगतात असं त्यांतून निघालं नाही.

का, हे कळायला एका अपघाताची गोष्ट सांगते. आम्सटरडॅमला आल्फ्रेड शिंकेल यांच्या प्रयोगशाळेत पी-पंपाचं जनुक काढून टाकलेले उंदीर वाढवले होते. ते अगदी ठणठणीत. म्हणजे पंप निरुपयोगी म्हणायचा का? एकदा उंदरांच्या पिंजऱ्यांत गोचिडीच्या जातीचे बारीक किडे झाले आणि नेहमीप्रमाणे आयव्हरमेक्टिन फवारलं गेलं. साध्या उंदरांना काही झालं नाही. पंप नसलेले उंदीर पटापट मेले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार हे उंदीर आयव्हरमेक्टिनला शंभरपट नाजूक होते, आणि सदाफुलीच्याच व्हिनब्लास्टिनला तिप्पट. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात हाच पंप पहाऱ्याला असतो. रक्तातलं आयव्हरमेक्टिन मेंदूत शिरू पाहतं आणि पंप ते पुन्हा रक्तात ढकलतो. पहारेकरी नसेल तर ते मेंदूत साचतं.

इथे कुत्रा पाळणाऱ्यांनी थोडं थांबावं. कॉली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत हाच पंप जन्मतः मोडका असतो. जनुकातली फक्त चार अक्षरं गळलेली असतात, पण त्यामुळे पुढचं सगळं वाचन बिघडतं. २००१ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत कॅट्रिना मीली यांनी ही चूक शोधून काढली. ऑस्ट्रेलियन शेफर्ड कुत्र्यांतही ती पुष्कळ आढळते (नावात ऑस्ट्रेलिया असला तरी ही जात घडली अमेरिकेत). इथल्या बॉर्डर कॉलींमध्ये ती क्वचितच. मेंढ्यांना जंतांसाठी किलोमागे २०० मायक्रोग्रॅम आयव्हरमेक्टिन पाजतात. ते सांडलेलं चाटणारा किंवा औषध दिलेल्या घोड्याची लीद खाणारा असा कुत्रा लटपटतो, आंधळ्यासारखा वागतो, बेशुद्ध पडतो. हृदयातल्या जंतांसाठी कुत्र्यांना दिल्या जाणाऱ्या महिन्याच्या गोळीत मात्रा किलोमागे फक्त सहा मायक्रोग्रॅम असल्याने ती याही कुत्र्यांना चालते. जुलाब थांबवणारी आपली लोपेरामाइडची गोळी मात्र त्यांना कधीही देऊ नये. लोपेरामाइड खरं तर अफूच्या गोत्यातलं. आपल्याला त्याची झिंग येत नाही, कारण पी-पंप त्याला मेंदूत शिरू देत नाही. गालातून कापसाचा बोळा फिरवून या जनुकाची तपासणी करता येते. व्हेटला विचारा.

आता वरच्या चाचण्या का फसल्या हे ध्यानात येईल. हा पंप कॅन्सरचा शोध नाहीच. तो आतड्याच्या अस्तरात आहे, यकृतात आहे, मूत्रपिंडात आहे, वारेत आहे, आणि अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींतही. कित्येक पिढ्या आपण जी कंदमुळं आणि पानं खाल्ली, त्यांतली विषं बाहेर काढत तो आपल्याला जगवत आला. पंप अडवणारं औषध गाठीतला पंप वेगळा आणि यकृतातला वेगळा असा भेद करत नाही. शरीरातून केमो बाहेर जाणंच मंदावतं आणि रुग्णाला ती जास्त लागते. व्हॅलस्पोडारच्या चाचण्यांत म्हणून केमोची मात्राच कमी करावी लागली. एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने काढून घेतलं. शिवाय प्रत्येक रुग्णाच्या गाठीत पी-पंप आहे की नाही हे न पाहताच पुष्कळांना औषध दिलं गेलं. ज्यांच्या गाठी वेगळ्याच कारणाने चिवट होत्या, त्यांना त्याचा काय उपयोग?

वेगळी कारणं असतात, आणि वेगळे पंपही असतात. इथून गोष्ट आपल्या सिडनीत येते.

१९९२ साली कॅनडात सुझन कोल आणि रॉजर डीली यांना फुप्फुसाच्या कॅन्सरच्या चिवट पेशींत पी-पंप सापडला नाही, पण त्याच घराण्यातला दुसरा सापडला. त्याचं नाव एमआरपी-वन. हाही विंक्रिस्टीन आणि डॉक्सोरुबिसीन उपसतो, पण बऱ्याचदा ग्लुटाथायोन नावाच्या पेशीतल्याच रेणूची सोबत घेऊन. सिडनीच्या चिल्ड्रन्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये मिशेल हेबर आणि मरे नॉरिस तेव्हा न्यूरोब्लास्टोमावर काम करत होते. हा कॅन्सर बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. गाठ मज्जातंतूंच्या कच्च्या पेशींची असते आणि बऱ्याचदा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत वाढते. त्याचा स्वभाव विचित्र आहे. काही तान्ह्या बाळांत गाठ आपली आपण विरून जाते, तर काही मुलांत सगळे उपाय हरतात. कुणाचं काय होणार हे आधी ओळखणं म्हणूनच फार मोलाचं.

एक खूण आधीच माहीत होती. गाठीच्या पेशींत मिक-एन नावाच्या जनुकाच्या खूप प्रती झालेल्या असल्या तर आजार वाईट. सिडनीच्या गटाने गोठवून जपलेल्या साठ गाठी तपासल्या. त्या सगळ्या कसलेही उपचार होण्याआधी काढलेल्या होत्या. हे महत्त्वाचं आहे, कारण औषधाने पेशींना पंप 'शिकवला' अशी शंका इथे घेताच येत नाही. त्यांनी प्रत्येक गाठीत पी-पंपाच्या आणि एमआरपी-वनच्या जनुकाचं काम किती जोरात चाललंय ते मोजलं आणि मुलांचं पुढे काय झालं त्याच्याशी ताडून पाहिलं. पी-पंपाचा मुलांच्या जगण्याशी मेळ बसला नाही. एमआरपी-वनचा ठळकपणे बसला. तो जास्त असलेल्या गाठींची मुलं कमी वाचली. मिक-एनच्या प्रती वाढलेल्या गाठींत तो वरचढ होताच, पण मिक-एनचा हिशेब वजा केल्यावरही त्याचा परिणाम उरत होता. हा निबंध १९९६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. साठ हा आकडा लहान असल्याने त्यांनी पुढे २०९ मुलांचा अभ्यास केला, आणि २००६ साली तेच उत्तर पुन्हा आलं. मिक-एनचं प्रथिन एमआरपी-वनच्या जनुकाला जाऊन चिकटतं आणि त्याचा वेग वाढवतं, हेही मधल्या काळात दिसलं. म्हणजे गाठीला बेफाम वाढवणारं जनुकच तिच्या बचावाची तयारीही करून ठेवतं.

आजींच्या दुसऱ्या प्रश्नाला मी सुरुवातीलाच 'नाही' म्हटलं ते या साठ गाठींच्या आधारावर. पहिला थेंब शिरेत जाण्यापूर्वीच काही गाठींत पंप ठाण मांडून बसलेले होते. त्या मुलाच्या गाठीत नेमकं काय होतं हे त्याच्या डॉक्टरांना विचारायचं, मला नाही. पण केमोच्या काळात काय खाल्लं आणि काय खाल्लं नाही याने मिक-एनच्या प्रती वाढत नाहीत.

सिडनीचं संशोधन तिथेच संपलं असतं तर ते नुसतं भविष्य सांगणं झालं असतं. मिक-एनमुळे न्यूरोब्लास्टोमा होणारे उंदीर असतात. त्यांच्यात एमआरपी-वन अडवणारा रिव्हर्सान नावाचा रेणू वापरून पाहिला, तेव्हा विंक्रिस्टीन आणि इटोपोसाइडचा असर वाढला. हा निकाल २००९ सालचा. पण मला सर्वांत विलक्षण वाटतो तो २०११ सालचा. न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींना कुठलंही औषध न देताच एमआरपी-वन दाबला, तर पेशींचं पसरणं आणि नव्या वसाहती करणं मंदावलं. उंदरांतही गाठ उशिरा आली. पंप औषध बाहेर टाकतो म्हणून वाईट, एवढंच ते नव्हतं. औषध नसतानाही तो गाठीसाठी काहीतरी काम करतच होता. एमआरपी-वन एरवी शरीरातले काही निरोपे रेणूही पेशीबाहेर सोडतो, हे लक्षात घेतलं तर यात तितकंसं आश्चर्य उरत नाही. पण पंपाकडे फक्त औषधाच्या बाजूने पाहायची जी सवय वीस वर्षं लागली होती, ती यामुळे सुटली. रिव्हर्सान उंदरांपुरतं आहे, मुलांना दिलं जाणारं औषध नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं.

जिवाणूंबद्दल लिहिलं नाही तर विषय अर्धा राहील, कारण 'पंप' म्हटलं की हल्ली प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतूच आठवतात. तिथे एक घोटाळा सर्रास होतो. जिवाणूंतले औषध उपसणारे बहुतेक पंप एबीसी घराण्यातले नसतात. ते एटीपी न जाळता पटलाच्या दोन बाजूंमधल्या हायड्रोजन आयनांच्या दाबावर चालतात, पाणचक्की चालावी तसे. ऑस्ट्रेलियातलंच उदाहरण घ्या. ज्याला इथे सगळे 'गोल्डन स्टाफ' म्हणतात, त्या जंतूने १९७०-८०च्या काळात मेलबर्नच्या रुग्णालयांत उच्छाद मांडला होता. रॉन स्कर्रे यांच्या गटाने त्यातल्या प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या वाटोळ्या तुकड्यावर, क्यूएसीए नावाचं जनुक शोधलं. त्याचा पंप प्रतिजैविकं नव्हे, तर जंतुनाशकं बाहेर टाकतो. हात धुवायच्या द्रावणातलं क्लोरहेक्सिडीनही त्यात आलं. काम पी-पंपासारखंच, पण घराणं वेगळं.

जिवाणूंत एबीसी घराण्याचे पंपही आहेत, आणि त्यातला एक फार मजेशीर आहे. डॉक्सोरुबिसीन ज्यांच्यापासून मिळतं ते मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू. इतकं जहाल विष पोटात बनवायचं तर आधी स्वतःला वाचवायला हवं. म्हणून त्यांच्याकडे डीआरआर-एबी नावाचा एबीसी पंप असतो. तो बनलेलं विष लगेच बाहेर टाकतो, आणि त्याचं जनुक विष बनवणाऱ्या जनुकांच्या शेजारीच असतं. आपण त्या जिवाणूचं विष उचलून कॅन्सरवर टाकलं, आणि कॅन्सरपेशीने त्याच घराण्यातला आपला पंप पुढे केला. सदाफुलीही यात मागे नाही. तिच्या विषाचे दोन घटक असतात. त्यातलं कॅथरँथिन ती एका एबीसी पंपाने पानाच्या बाहेर मेणचट थरात नेऊन ठेवते आणि दुसरं, व्हिंडोलिन, आतच ठेवते. कॅनडात व्हिन्सेंझो डी लुका यांच्या गटाने २०१३ साली तो पंप ओळखला. पान चावणाऱ्या किड्याच्या तोंडात दोन्ही एकत्र येतात.

आणखी एक, दह्याच्या निमित्ताने. दूध आंबवणाऱ्या लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जिवाणूत एलएमआरए नावाचा एबीसी पंप आहे. १९९८ साली नेदरलँड्सच्या संशोधकांनी त्याचं जनुक माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींत घातलं, तर त्या पेशी कॅन्सरच्या औषधांना न जुमानू लागल्या, आणि पी-पंप अडवणाऱ्या औषधांनी तोही अडला. (विरजण खाल्ल्याने असं काही होत नाही, काळजी नको.)

शेवटी घरातल्या एका गोष्टीबद्दल, कारण दर वर्षी भारतातून येणाऱ्या बॅगांमध्ये ती असते. हळद आणि काळ्या मिऱ्याच्या कॅप्सूल. मिऱ्यातलं पायपरिन हा तिखट घटक पी-पंप अडवतो आणि औषधं मोडणारं यकृतातलं एक विकरही अडवतो, हे २००२ साली पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं. कॅप्सूलमध्ये मिरं घालतात ते हळद अंगात जास्त उतरावी म्हणून. पण विंक्रिस्टीनही त्याच विकराने मोडतं आणि त्याच पंपाने बाहेर जातं. बुरशीवरचं इट्राकोनाझोल या दोन्हींना अडवतं. ते विंक्रिस्टीनबरोबर दिल्यामुळे मुलांच्या मज्जातंतूंना इजा झाल्याचं डॉक्टरांना चांगलंच ठाऊक आहे. हातापायांना मुंग्या, पाय ओढत चालणं आणि तीव्र बद्धकोष्ठता ही त्याची लक्षणं. उलट दिशेचं उदाहरण म्हणजे सेंट जॉन्स वर्ट. इथे ते औषधांच्या दुकानात सहज मिळतं, आणि ते पी-पंप वाढवतं. अवयव बदललेल्या रुग्णांच्या रक्तातलं सायक्लोस्पोरिन त्यामुळे घसरल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत.

फोडणीतली चिमूटभर हळद आणि रश्श्यातलं मिरं यांची मात्रा वेगळी, कॅप्सूलमधल्या अर्काची वेगळी. घरात कुणाची केमो चालू असेल, किंवा कुणी डिगॉक्सिन वा सायक्लोस्पोरिन घेत असेल, तर भारतातून आलेल्या डब्या कॅन्सर विभागातल्या फार्मासिस्टला नेऊन दाखवाव्यात. नुसतं 'आयुर्वेदिक' म्हणून सांगू नये. लेबलावर पायपरिन, पिंपळी किंवा काळं मिरं यांचा अर्क आहे का, आणि किती मिलिग्रॅम, ते त्यांना वाचू द्यावं. लेबल मराठीत किंवा हिंदीत असेल तर आपणच वाचून सांगावं. आजींकडच्या तीन डब्यांपैकी दोनांवर ते होतं.